कॅनडाची सिटिझनशिप: १०९५ दिवसांना थोडेच कमी आहेत आणि मी ठाण्यात आहे. थांबले तर मागचे दिवस जातात का?

मृण्मयी_पाचपाखाडी | ८ फेब्रुवारी २०२६, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. आई शेजारच्या खोलीत झोपली आहे, वॉकर पलंगाला टेकवून ठेवलाय, आणि मी पासपोर्ट पुढ्यात घेऊन चौथ्यांदा दिवस मोजते आहे. दर वेळी उत्तर वेगळं येतंय, म्हणून इथे विचारते.

मी २ जानेवारी २०२२ ला स्टडी परमिटवर कॅनडात पोचले. पीआर मिळाली १० जून २०२३ ला. अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत १०९५ दिवस तिथे असायला हवं, आणि पीआरच्या आधीचा दिवस अर्धा धरतात, इतकं मला माहीत आहे. माझ्या ठाण्याच्या फेऱ्या अशा:

१० डिसेंबर २०२२ ला निघाले, ४ जानेवारी २०२३ ला परत (पीआरच्या आधी).
२० नोव्हेंबर २०२३ ते २० डिसेंबर २०२३, भावाचं लग्न.
१४ जुलै २०२४ ते १ सप्टेंबर २०२४, बाबा गेले तेव्हा.
१२ नोव्हेंबर २०२५ ला निघाले ती अजून इथेच. आई बाथरूममध्ये पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. परतीचं तिकीट १ मार्चचं आहे.

माझ्या हिशोबाने निघताना १०५४ दिवस झाले होते. मैत्रिणीने मोजले तर १०६० आले. पण खरा प्रश्न वेगळाच आहे. फिजिओ म्हणतायत की आई आधाराशिवाय चालायला मे उजाडेल. ओळखीतल्या एकांनी घाबरवून ठेवलंय की इतके दिवस बाहेर राहिलीस तर कंटिन्युइटी तुटते आणि मोजणी पुन्हा शून्यापासून. हे खरं असेल तर मला १ मार्चला जावंच लागेल, आणि आईला अशा अवस्थेत सोडून जायला पाय निघणार नाही. कुणी या वाटेने गेलंय का?

---

कोपरीचा_पक्या | ९ फेब्रुवारी, सकाळी ७:१०

आईंना लवकर बरं वाटू दे. मी या वाटेने गेलोय, ठेच लागून गेलोय. ऑफिसातून आलो की सविस्तर लिहितो.

---

खारघरचा_वारा | ९ फेब्रुवारी, सकाळी ९:२५

ताई, घाबरू नका. तुमचे मिस्टर कॅनडाचे सिटिझन असतील तर त्यांच्यासोबत भारतात राहिलेले दिवससुद्धा कॅनडात राहिल्यासारखेच धरतात. माझी बायको सिटिझन आहे, मी पीआर. आम्ही दीड वर्ष खारघरला होतो आणि माझं पीआर कार्ड काही त्रास न होता रिन्यू झालं. हे मी स्वतः अनुभवलंय.

---

वाशी_सेक्टर_१७ | ९ फेब्रुवारी, सकाळी १०:०२

विषय निघालाच आहे तर विचारतो. माझं वय ६८, पत्नी ६५. मुलगा न्यू जर्सीला, आम्हा दोघांना ग्रीन कार्ड मिळून चार वर्षं झाली. आम्ही दर पाच महिन्यांनी तिकडे जाऊन तीन आठवडे राहून परत येतो, म्हणजे सहा महिन्यांचा नियम कधीच मोडलेला नाही. पाच वर्षं पूर्ण झाली की अर्ज करता येईल ना? पत्नीला इंग्रजी बोलता येत नाही, तिची परीक्षा मराठीत घेतात का?

---

सुमंत_मिसिसागा | ९ फेब्रुवारी, दुपारी १२:५०

मृण्मयीताई, मी मूळचा नौपाड्यातला, आता मिसिसागाला असतो. इथल्या मंडळातल्या बऱ्याच जणांचे अर्ज शेजारी बसून भरून घेतले आहेत, त्यामुळे हा हिशोब हातात बसलाय. तुमच्या तारखा कागदावर मांडल्या, त्यावरून सांगतो.

आधी १०५४ आणि १०६० चा वाद. मैत्रीण बरोबर आहे. तुम्ही निघालेला दिवस आणि परतलेला दिवस दोन्ही गैरहजेरीत टाकलेत. सिटिझनशिपच्या मोजणीत हे दोन्ही दिवस हजेरीचे असतात. म्हणजे २० नोव्हेंबर ते २० डिसेंबरच्या फेरीत तुमची गैरहजेरी २१ नोव्हेंबर ते १९ डिसेंबर, २९ दिवस. बाबांच्या वेळची ४८ दिवस. पीआरच्या आधीची २४.

आता जमा बाजू. २ जानेवारी २०२२ ते ९ जून २०२३ हे ५२४ दिवस. त्यातून २४ गेले, उरले ५००, त्याचे अर्धे २५०. (असे अर्धे दिवस जास्तीत जास्त ३६५ धरतात, तुम्ही त्याच्या आतच आहात.) १० जून २०२३ पासून १२ नोव्हेंबर २०२५ पर्यंत ८८७ दिवस, त्यातून २९ आणि ४८ वजा, म्हणजे ८१०. एकूण १०६०. तुम्ही विमानात बसलात तेव्हा फक्त ३५ दिवस कमी होते.

आता शून्याचं. तसा नियम कॅनडात नाही. तुम्हाला सांगणाऱ्यांनी बहुतेक अमेरिकेचा नियम इकडे लावलाय, तिकडे सलग वर्षभर बाहेर राहिलं की खरोखर साखळी तुटते. कॅनडात साखळी बघत नाहीत, नुसती बेरीज बघतात. तुम्ही इथे एक दिवस जास्त राहिलात की अर्जाची तारीख एक दिवस पुढे जाते, बस. जमा झालेले १०६० जागेवरच असतात.

पण कायम नाही, आणि तुमचा मूळ प्रश्न हाच आहे. पाच वर्षांची चौकट अर्जाच्या तारखेपासून मागे मोजतात, त्यामुळे ती रोज एक दिवस पुढे सरकते. तुमचा पहिला दिवस २ जानेवारी २०२२. अर्ज २ जानेवारी २०२७ पर्यंत गेला तर तो दिवस चौकटीत असतो. त्यानंतर मागून रोज एक दिवस गळायला लागतो. ते तुमचे पीआरच्या आधीचे दिवस, म्हणून नुकसान रोज अर्ध्या दिवसाचं. पुढून एक दिवस मिळतो, मागून अर्धा जातो.

म्हणजे ३५ दिवस भरून वेळेत अर्ज करायला तुम्ही उशिरात उशिरा २८ नोव्हेंबर २०२६ ला कॅनडात असायला हवं. तोपर्यंत काहीही वाया जात नाही. मे महिना आरामात बसतो यात.

---

सुमंत_मिसिसागा | ९ फेब्रुवारी, दुपारी १:१५

खारघरचा_वारा, तुमचा अनुभव खरा आहे, पण तो दुसऱ्या हिशोबाचा. पीआर टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस लागतात आणि त्यात सिटिझन जोडीदारासोबत बाहेर काढलेले दिवस चालतात. कॅनडातल्या कंपनीने पूर्णवेळ कामावर बाहेर पाठवलं असेल तरी चालतात. सिटिझनशिपच्या १०९५ मध्ये यातलं काही चालत नाही. सरकारी नोकरीवर किंवा लष्करात बाहेर असलेल्यांसाठी आणि त्यांच्या कुटुंबासाठी सवलत आहे, ती आपल्यापैकी कुणाला लागू होणार? तुम्ही खारघरची दीड वर्षं १०९५ मध्ये धरत असाल तर आत्ताच थांबा.

मृण्मयीताईंच्या पीआरला मात्र धोका नाही. पीआर झाल्यापासून ८१० दिवस जमा आहेत, ७३० कधीच ओलांडले.

---

खारघरचा_वारा | ९ फेब्रुवारी, दुपारी ३:४०

बापरे. मी तर पुढच्या महिन्यात अर्ज करणार होतो. आज घरी जाऊन पुन्हा बसतो. धन्यवाद सुमंतजी.

---

मृण्मयी_पाचपाखाडी | ९ फेब्रुवारी, दुपारी ४:०५

सुमंतदादा, हे वाचून रडूच आलं. तीन महिने छातीवर दगड होता. आईला अजून सांगितलं नाहीये, कारण "माझ्यामुळे तुझं नुकसान होतंय" हे ती दिवसातून दोनदा म्हणते. आता संध्याकाळी कागदावर लिहून दाखवते.

---

कोपरीचा_पक्या | ९ फेब्रुवारी, रात्री ९:३०

आता माझी ठेच. मी पाच वर्षांत तीनदा कोपरीला आलो. तारखा भरताना पासपोर्टवरचे मुंबईचे शिक्के बघून भरल्या. टोरंटोहून ३ तारखेला रात्री निघायचो, युरोपात थांबून मुंबईत ५ तारखेला पहाटे शिक्का. मी निघाल्याची तारीख ५ टाकली. म्हणजे दर फेरीला दोन दिवस मी आकाशात किंवा फ्रँकफर्टच्या बाकावर असताना स्वतःला कॅनडात दाखवलं. तीन फेऱ्यांचे सहा दिवस झाले.

आयआरसीसीच्या ऑनलाइन कॅलक्युलेटरने १०९८ दाखवले, मी आनंदात अर्ज केला. खरे होते १०९२. तीन दिवस कमी! अर्जात आपण बॉर्डरच्या नोंदी बघायची परवानगी देतो, त्या नोंदींत आपलं जाणं-येणं असतं. काही महिन्यांनी पत्र आलं, तारखा जुळत नाहीत म्हणून. शेवटी अर्ज मागे घेतला, पुन्हा केला. प्रोसेसिंगची फी गेली आणि वर्षभर वाया गेलं.

त्यामुळे मृण्मयी, तुझ्या १२ नोव्हेंबरचा बोर्डिंग पास शोध. कॅनडा सोडल्याची तारीख लागते, मुंबईत उतरल्याची नाही. आणि बरोबर १०९५ वर अर्ज करू नकोस, दहा-पंधरा दिवस अंगावर ठेव.

---

मृण्मयी_पाचपाखाडी | ९ फेब्रुवारी, रात्री १०:१५

आत्ता पर्स उलटी करून बघितली. बोर्डिंग पास सापडला, १२ नोव्हेंबर, रात्री ९:५०. मुंबईचा शिक्का १४ चा आहे. २०२३ आणि २०२४ च्या तारखा तिकिटांच्या ईमेलवरून घेतल्या होत्या, त्या बरोबर आहेत. एक शंका, आम्ही दोनदा बफेलोला गेलो होतो. एकदा सकाळी जाऊन संध्याकाळी परत, एकदा शनिवारी जाऊन रविवारी परत. ते?

---

सुमंत_मिसिसागा | १० फेब्रुवारी, सकाळी ६:२०

त्याच दिवशी परतलात ती फेरी लिहायची गरज नाही. शनिवार-रविवारची लिहा. गैरहजेरी शून्य दिवसांचीच होते, कारण दोन्ही दिवस हजेरीत, पण नोंद हवी. बॉर्डरच्या यादीत एक फेरी दिसते आणि तुमच्या यादीत ती नाही, एवढ्यावरूनही प्रश्न विचारतात.

पक्यांचं म्हणणं शंभर टक्के. आणि अर्जावर सहीची जी तारीख टाकाल तो दिवस मोजत नाहीत, त्याच्या आदल्या दिवसापर्यंतच मोजतात. एका दिवसाने चुकणारे इथेच चुकतात.

---

गोखलेरोड | १० फेब्रुवारी, सकाळी ११:००

सगळे दिवस मोजतायत, पण पासपोर्ट सोडायचाच कशाला हे कुणी विचारत नाही. शपथ घेतली की भारतीय नागरिकत्व संपतं, कायद्याच्या कलम ९ प्रमाणे आपोआप. मग मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. मी १४ वर्षं पीआरवर आहे आणि दर पाच वर्षांनी कार्ड रिन्यू करतो. ठाण्याला माझं घर आहे, मुरबाडला वडिलांची शेती आहे. मला हे तोडायचं नाही.

---

अनघा_घोडबंदर | १० फेब्रुवारी, दुपारी १२:३०

गोखलेरोड, भावना समजते, पण वडिलोपार्जित शेती वारशाने मिळायला ओसीआय असल्याने अडत नाही, फक्त नवीन विकत घेता येत नाही. आणि मृण्मयीच्या बाबतीत उलटं बघा. पीआरवर राहिली तर आईकडे आलेल्या प्रत्येक महिन्याचा हिशोब तिला आयुष्यभर ७३० मध्ये बसवायचा. सिटिझन झाली की ओसीआयवर आईजवळ दोन वर्षंसुद्धा राहू शकते, मोजणी संपली. आईसाठीच सिटिझनशिप घ्यावी असं मला वाटतं.

---

गोखलेरोड | १० फेब्रुवारी, दुपारी १:१०

हा मुद्दा मी असा पाहिला नव्हता. तरी माझं मत माझ्यापुरतं तेच आहे.

---

अनघा_घोडबंदर | १० फेब्रुवारी, दुपारी १:२५

हो, ज्याचं त्याने ठरवायचं. मृण्मयी, भाषेचं राहिलं. मी उगाच आयईएल्ट्सला पुन्हा बसले, पैसे गेले. १८ ते ५४ वयाला भाषेचा पुरावा लागतो, पण फक्त बोलण्याचा आणि ऐकण्याचा, आणि पातळी चार म्हणजे तशी सोपी. तू तिथे इंग्रजीतून शिकलीस ना? ते सर्टिफिकेट आणि मार्कांचा कागद जोडला की झालं. माझ्याकडे पीआरच्या वेळचा निकाल होता, मुदत संपलेला. सिटिझनशिपसाठी तोही चालतो हे मला परीक्षा देऊन झाल्यावर कळलं.

---

वाशी_सेक्टर_१७ | १० फेब्रुवारी, संध्याकाळी ५:५०

माझ्या प्रश्नाचं कुणी बघेल का? नियम सगळीकडे सारखेच असतील असं धरून चाललो होतो, पण वरचं वाचून शंका आली.

---

सुमंत_मिसिसागा | ११ फेब्रुवारी, सकाळी ६:४०

काका, माफ करा, तुमचं राहूनच गेलं. अमेरिकेत दोन वेगळ्या अटी आहेत आणि दोन्ही पाळाव्या लागतात. एक, सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहायचं नाही, ती तुम्ही सांभाळलीत. दुसरी, पाच वर्षांत निदान ३० महिने प्रत्यक्ष तिथे असायला हवं. पाच महिने वाशी आणि तीन आठवडे न्यू जर्सी असं चाललं तर पाच वर्षांत जेमतेम आठ महिने भरतील. सिटिझनशिप लांबच, ग्रीन कार्डवरसुद्धा विमानतळावर विचारू शकतात की तुमचं घर नक्की कुठे आहे. मुलाला सांगून तिथल्या इमिग्रेशन वकिलाला एकदा दाखवाच.

काकूंना मराठीतून मुलाखत देता येते, पण ५५ च्या पुढे वय आणि ग्रीन कार्डला १५ वर्षं, किंवा ५० च्या पुढे आणि २० वर्षं, असं असेल तेव्हा. चार वर्षांवर नाही. आणि नागरिकशास्त्राचे प्रश्नही वाढलेत. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांना १२८ प्रश्नांतून २० विचारतात, १२ बरोबर लागतात.

---

वाशी_सेक्टर_१७ | ११ फेब्रुवारी, सकाळी ९:१५

स्पष्ट सांगितलंत, आभारी आहे. आठ महिने हे मी कधी मोजलेच नव्हते. मुलाशी रात्री बोलतो.

---

निमा_ऐरोली | ११ फेब्रुवारी, सकाळी ११:४५

मृण्मयी, एक गोष्ट कुणी लिहिली नाही. अर्जात विचारतात की गेल्या चार वर्षांत कॅनडाबाहेर एखाद्या देशात सलग १८३ दिवस किंवा जास्त होता का. हो असेल तर त्या देशाचं पोलीस सर्टिफिकेट जोडावं लागतं. तू १४ नोव्हेंबरला उतरलीस, म्हणजे १५ मेला १८३ वा दिवस. माझ्या नवऱ्याचे १९६ झाले होते आणि त्याला हे अर्ज भरतानाच कळलं. मग कॉन्सुलेटमार्फत मागवलं, दोन महिने अर्ज तसाच पडून. जमलं तर १५ मेच्या आधी नीघ. नाही जमलं तर आभाळ कोसळत नाही, एक कागद वाढतो.

---

सुमंत_मिसिसागा | ११ फेब्रुवारी, दुपारी १:००

निमाताई, शाब्बास. हे माझ्या नजरेतून सुटलं होतं.

---

कोपरीचा_पक्या | ११ फेब्रुवारी, रात्री ८:००

आणि टॅक्स! पाचपैकी तीन वर्षांचे रिटर्न भरलेले लागतात. शिकताना उत्पन्न नव्हतं म्हणून भरले नसतील तर आधी ते बघ.

---

मृण्मयी_पाचपाखाडी | १५ फेब्रुवारी, रात्री १०:५०

मंडळी, ठरलं. टॅक्स २०२२ पासून दरवर्षी भरलेत, ते बरं झालं.

ताई नाशिकला शाळेत शिकवते. तिला मेच्या सुट्ट्या लागल्या की ती आईकडे येऊन राहील, जूनपर्यंत. मी १ मार्चचं तिकीट बदलून ९ मेला टोरंटोत उतरेन असं घेतलं. गैरहजेरी १३ नोव्हेंबर ते ८ मे, १७७ दिवस, म्हणजे पोलीस सर्टिफिकेटचा प्रश्न नाही. ९ मे धरून ३५ दिवस १२ जूनला भरतात, १३ जूनला अर्ज करता येईल. पक्यादादाचं ऐकून दोन आठवडे वर ठेवते, २७ जूनला करते. सुमंतदादा, एकदा नजर टाकाल?

तोवर परीक्षेचा अभ्यास इथेच चाललाय. २० प्रश्न, १५ बरोबर लागतात. डिस्कव्हर कॅनडाचं पुस्तक प्रिंट करून आणलंय आणि आई गॅलरीत वॉकर धरून उभी राहते, फिजिओने सांगितलेली दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत ती प्रश्न विचारते. पुस्तक इंग्रजीत, ती विचारते मराठीत. "कॅनडाचे पहिले पंतप्रधान कोण? झेंड्यावर मेपलचं पान कधी आलं?" मी १९६७ म्हटलं, तिने चष्मा वर करून सांगितलं, १९६५. काल तिच्या लक्षातच आलं नाही की दहाची पंधरा मिनिटं झाली होती आणि एक हात वॉकरवर नव्हता.

---

सुमंत_मिसिसागा | १६ फेब्रुवारी, सकाळी ६:१०

तारखा तपासल्या, बरोबर आहेत. ९ मेचा बोर्डिंग पास जपून ठेवा. आणि अर्ज गेल्यावर पुन्हा ठाण्याला यायचं असेल तर या, फक्त शपथेच्या दिवशी कॅनडात असावं लागतं, ऑनलाइन शपथ असली तरी.

---

खारघरचा_वारा | १६ फेब्रुवारी, सकाळी ९:००

माझेही मोजून झाले. ७१२ निघाले. अर्ज पुढच्या वर्षी. सुमंतजी, माझ्या पीआरच्या आधीच्या वर्क परमिटच्या काळातल्या तारखा टाकू का इथे? त्यातली एक फेरी दुबईची आहे आणि तिचा शिक्काच नाही.